सिग्नल −५७, एसएनआर ३८, तरी मागच्या टेबलावर व्हिडिओ कॉल तुटतो. हे आकडे वाचायचे कसे?

टॉवेल_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. पुढं ऑफिस, मग एक बोळ, बोळाच्या टोकाला चेकिंग-पॅकिंगची खोली आणि तिला लागूनच मागांची शेड. राऊटर ऑफिसात भिंतीवर लावलाय. पॅकिंगच्या टेबलावरून बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना व्हिडिओ कॉलवर माल दाखवावा लागतो. काठ, वजन, रंग बघूनच ते ऑर्डर पक्की करतात.

गेल्या काही महिन्यांपासून त्या टेबलावर कॉल नीट चालेना झालाय. आमचा माल त्यांना स्वच्छ दिसतो, आमचं बोलणंही पोचतं. पण त्यांचं चित्र आमच्याकडं थिजून बसतं आणि आवाज तुटतो. त्यांनी काय भाव सांगितला तेच कळत नाही.

फोनवर वायफाय अॅनालायझर टाकून तीन ठिकाणी आकडे घेतले, २.४ गिगाहर्ट्झवर:

ऑफिसात सिग्नल −४१, एसएनआर ५४.
बोळात सिग्नल −४९, एसएनआर ४६.
पॅकिंगच्या टेबलावर सिग्नल −५७, एसएनआर ३८.

लिंक स्पीड तिन्हीकडं ७२. राऊटर चॅनल ६ वर आहे. त्या चॅनलवर आजूबाजूचं एकही नेटवर्क नाही, ॲपनं पूर्ण तारे दिलेत. सगळं हिरव्या पट्ट्यात असताना बिघाड कुठं शोधायचा? राऊटर बदलू का?

---

नेटवाला_जुळेसोलापूर

दादा, −५७ म्हणजे एकदम उत्तम. मी रोज घरोघरी जोडण्या करतो. ग्राहक जिथं बसून बघणार तिथं −६७ किंवा त्याहून वर आलं की आम्ही काम झालं म्हणतो. −७० च्या खाली गेलं की तक्रारीचे फोन येतात, −८० ला तर जोडणीच टिकत नाही. तुमचं त्याच्या किती तरी वर आहे. वायफाय ठीक आहे, लाइन तपासा. नाहीतर पॅकिंगच्या खोलीत एक रिपीटर ठोका किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

---

टॉवेल_अक्कलकोटरोड

लाइन तपासली. ऑफिसात त्याच फोनवर, त्याच व्यापाऱ्याशी कॉल अगदी व्यवस्थित चालतो. ५ गिगाहर्ट्झ मागच्या टेबलावर −७९ दाखवतंय, दोन जाड भिंती मधे आहेत. जोडलं तरी थोड्या वेळात सुटतं.

---

मंद्रूपकर

माझ्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये सिग्नल −९८ डीबीएम येतोय आणि तरी घरात बसून क्रिकेट बघतो. तुमचा −५७ असून चालत नाही म्हणता? मला वाटतं हा डीबीएमचा आकडाच भरवशाचा नाही. टॉवरवाल्यांकडं तक्रार करा.

---

रेडिओकाका_विजापूररोड

मंद्रूपकर, तुम्ही सिमच्या माहितीतला आकडा बघताय. तो ४जीच्या टॉवरचा आहे. तिथं टॉवरच्या सगळ्या पट्ट्याची ताकद मोजत नाहीत, त्यातल्या एका बारीक उपवाहकाची मोजतात. त्यामुळं तो आकडा नेहमीच खालचा दिसतो आणि −९८ ला नेट चालणं अगदी शक्य आहे. वायफायचा आकडा पूर्ण चॅनलचा असतो. दोन्हीची तुलना करू नका.

आता टॉवेलवाले दादा, तुमचेच आकडे परत बघा. ४१ आणि ५४ यांची बेरीज ९५. ४९ आणि ४६ यांचीही ९५. ५७ आणि ३८, पुन्हा ९५.

एसएनआर म्हणजे सिग्नलमधून नॉईज वजा केलेला फरक. तुमच्या ॲपनं तिन्ही जागी नॉईज −९५ धरलाय. ऑफिस, बोळ आणि मागांना लागून असलेली खोली, तिन्हीकडं नॉईज शेवटच्या अंकापर्यंत सारखा येणं फारच कठीण. ॲपनं तो मोजलेलाच नाही. अँड्रॉइड साध्या ॲपला सिग्नलची ताकद देतं, चॅनल देतं, लिंक स्पीड देतं, पण नॉईजचा आकडा देत नाही. मग काही ॲपं एक ठरावीक आकडा गृहीत धरून एसएनआर छापतात. तुमच्या ५४, ४६, ३८ मध्ये सिग्नलपेक्षा वेगळी माहिती काडीचीही नाही.

−९५ हा आकडा हवेतून आलेला नाही. २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये नुसत्या उष्णतेमुळं येणारा नॉईज साधारण −१०१ असतो. रिसीव्हर स्वतः पाच-सहा डीबीची भर घालतो, म्हणून −९५ च्या आसपास. पण ही शांत जागेची गोष्ट झाली. तुमच्या टेबलावर काय आहे ते प्रत्यक्ष मोजायला हवं. कुणाकडं मॅकबुक आहे का? ऑप्शन बटण दाबून धरून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल आणि नॉईज वेगवेगळे दिसतात.

---

नेटवाला_जुळेसोलापूर

काका, मान्य आहे की ॲप अंदाज धरतं. पण नॉईज असा किती बदलणार? दोन-चार डीबी. ३८ चे ३४ झाले तरी काय बिघडतं? आणि नॉईज खरंच असता तर लिंक स्पीड ७२ कसा टिकला असता? तो तर आपोआप खाली येतो.

---

रेडिओकाका_विजापूररोड

लिंक स्पीडचा प्रश्न चांगला काढलात, खरी मेख तिथंच आहे. अँड्रॉइडचा जो लिंक स्पीड ॲपं पूर्वापार दाखवत आलीत तो फोनकडून राऊटरकडं जाणारा वेग आहे. राऊटरकडून फोनकडं येणारा वेग निराळा ठरतो. नव्या अँड्रॉइडमध्ये तो मिळतो, पण प्रत्येक ॲप दाखवतंच असं नाही. दादांची तक्रार काय आहे? जाणारं ठीक, येणारं तुटक. म्हणजे ७२ हा आकडा चांगल्या बाजूचा आहे, बिघडलेल्या बाजूबद्दल तो काही सांगतच नाही.

नॉईज ऐकणाऱ्याच्या जागेवर मोजायचा असतो. शेडमध्ये माग चालू असताना तिथला माणूस ओरडला तर ऑफिसात ऐकू येतं, पण ऑफिसातून तेवढ्याच जोरात उत्तर दिलं तर शेडमधल्याला कळत नाही. आवाज दोघांचा सारखा, गोंगाट एकाच्याच कानाशी. तुमच्या टेबलापाशी रेडिओचा काही गोंगाट असेल तर टेबलावरून जाणारं नीट पोचेल आणि येणारं बुडेल. तुम्ही सांगितलेलं लक्षण याला तंतोतंत जुळतं.

---

शलाका_साखरपेठ

आमच्या घरात दोन पिढ्या माग आहेत. मला वाटतं हे मोटरींमुळं होत असणार. माग सुरू झाले की आमच्याकडं जुन्या रेडिओवर खरखर यायची, बातम्या ऐकू येत नसत. दादांच्या टेबलाला शेड लागूनच आहे. मोटरी तपासून घ्या.

---

रेडिओकाका_विजापूररोड

शलाकाताई, तुमचा रेडिओ मीडियम वेव्हवर असणार, म्हणजे फार खालच्या फ्रिक्वेन्सीवर. स्विचची ठिणगी, सैल जोड, स्टार्टर यांची खरखर तिथं जोरात येते. २४०० मेगाहर्ट्झपर्यंत चढताना ती बरीच विरते. मागाच्या इंडक्शन मोटरीला ब्रशही नसतात. म्हणून माझा पहिला संशय मोटरींवर नाही. पण संशयावर कशाला थांबायचं? दादा, सुट्टीच्या दिवशी माग बंद असताना एकदा मोजा.

---

टॉवेल_अक्कलकोटरोड

भाच्याचं मॅकबुक आणलं. माग चालू असताना पॅकिंगच्या टेबलावर हे दिसलं:

```
Channel: 6 (2.4 GHz, 20 MHz)
RSSI: -57 dBm
Noise: -74 dBm
```

ऑफिसात नॉईज −९१, बोळात −८६.

सुट्टीच्या दिवशी माग बंद करून पुन्हा टेबलावर बसलो, नॉईज −७५. म्हणजे मोटरींचा संबंध दिसत नाही. −५७ मधून −७४ वजा केले की १७ उरतात. ॲप ३८ सांगत होतं!

राऊटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी आहे, तिथं राऊटरकडून मॅकबुककडं जाणारा वेग दिसतो. टेबलावर तो ३९ आणि ५२ च्या मधे उड्या मारतो. ऑफिसात १४४.

---

रेडिओकाका_विजापूररोड

सगळे आकडे एकमेकांना धरून आहेत. तुमच्या मॅकबुकला २० मेगाहर्ट्झवर १४४ मिळायला साधारण २५ डीबीच्या वर एसएनआर लागतो. ऑफिसात तुमच्याकडं ५० आहे, म्हणून सगळ्यात वरचा दर मिळतो. १७ ला राऊटर आपसूक खालचा दर धरतो, ३९-५२ हीच ती पायरी. आणि हे दर कागदावरचे. प्रत्यक्षात डेटा त्याच्या निम्म्याच्या आसपास जातो, त्यातही पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवावी लागली तर आणखी कमी. फाइल उतरायला ते पुरेल, पण कॉलमध्ये उशिरा आलेलं पाकीट वाया जातं, म्हणून चित्र थिजतं.

नेटवाले, आता तुमच्या दोन-चार डीबीचं बघा. −९५ धरलेला नॉईज −७४ निघाला, २१ डीबीचा फरक. दर १० डीबीला ताकद दहापट होते, म्हणजे २१ ला शंभरपटीहून जास्त. आणि रिपीटर त्या खोलीत लावला असता तर तोही त्याच गोंगाटात बसून ऐकत राहिला असता.

नॉईज बोळाकडून पॅकिंगकडं जाताना वाढतोय, म्हणजे उगम मागच्या बाजूला आहे. सुट्टीच्या दिवशीही तो चालू असतो. ॲपमध्ये दिसत नाही, म्हणजे वायफाय नाही. तिथं दिवसरात्र चालणारं आणि तार नसलेलं काय काय आहे?

---

टॉवेल_अक्कलकोटरोड

एक कॅमेरा आहे. शेडच्या मागच्या दारावर, बीम आणि सुताच्या गोण्या उतरतात तिथं. फरशी फोडायला नको म्हणून बिनतारी घेतला होता. पॅकिंगच्या खोलीत एक छोटा डबा आहे, त्याला ॲंटेना, त्यातून तार टीव्हीला. तो काही इंटरनेटचा कॅमेरा नाही, आमच्या वायफायला जोडलेलाही नाही. म्हणून त्याचा विचारच केला नव्हता.

---

रेडिओकाका_विजापूररोड

तोच असण्याची दाट शक्यता आहे. हे जुने बिनतारी कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवर ॲनालॉग चित्र पाठवतात. वायफाय बोलतं आणि थांबतं, दुसऱ्याला बोलू देतं. हा कॅमेरा थांबतच नाही, अखंड चालू. आणि तो वायफायची भाषा बोलत नसल्यामुळं अॅनालायझरला त्याचं नाव, चॅनल, आलेखातला डोंगर काहीच दिसत नाही. तुमच्या ॲपनं चॅनल ६ ला पूर्ण तारे दिले, कारण त्याला फक्त वायफाय नेटवर्कं मोजता येतात. रिकामं दिसणारं चॅनल शांत असेलच असं नाही.

डब्याच्या मागं १ ते ४ अशी छोटी कळ असेल. या प्रकारात बहुधा १ म्हणजे २४१४, २ म्हणजे २४३२, ३ म्हणजे २४५० आणि ४ म्हणजे २४६८ मेगाहर्ट्झ असतं. तुमचं चॅनल ६ म्हणजे २४३७. कळ २ वर असेल तर तो बरोबर तुमच्या डोक्यावर बसलाय.

एकच गोष्ट करा. मॅकबुक टेबलावर ठेवून नॉईज बघत राहा आणि कॅमेऱ्याचा प्लग काढा. डबा बंद करून उपयोग नाही, तो नुसता ऐकणारा आहे.

---

टॉवेल_अक्कलकोटरोड

कळ २ वरच आहे.

प्लग काढल्याबरोबर नॉईज −७४ वरून −९० ला गेला. पुन्हा लावला, −७४. भाच्यानं खात्रीसाठी परत काढायला लावला, पुन्हा −९०. सिग्नल मात्र सगळा वेळ −५६, −५७, −५८ असाच.

कॅमेरा कायमचा बंद ठेवता येत नाही, रात्री माल उतरतो. म्हणून राऊटर चॅनल ११ वर नेला. कॅमेरा चालू असताना आता टेबलावर नॉईज −८८, म्हणजे एसएनआर ३१. राऊटरच्या पानावर वेग १३०, मधेच १४४. काल संध्याकाळी त्याच टेबलावरून व्यापाऱ्याशी बराच वेळ बोललो, एकदाही थिजलं नाही.

ॲपमध्ये टेबलावर सिग्नल −५७, एसएनआर ३८ हेच आकडे अजूनही आहेत.

---

मंद्रूपकर

मग ॲप काढूनच टाकावं काय ओ? दर वेळी मॅकबुक कुठून आणायचा?

---

रेडिओकाका_विजापूररोड

काढू नका. सिग्नलचा आकडा फोनचा खरा असतो आणि कामाचा असतो. फक्त एका क्षणाचा आकडा धरू नका. फोन हातात कसा धरलाय, आपण राऊटरकडं पाठ करून उभे आहोत का, यानं चार-पाच डीबी सहज हलतात. फोन टेबलावर ठेवून अर्धा-एक मिनिट बघा. अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा स्कॅन करता येतं, त्यामुळं चालत चालत बघितलं तर आजूबाजूच्या नेटवर्कांचे शिळे आकडे समोर राहतात.

नॉईजसाठी फोनवरून अप्रत्यक्ष अंदाज घ्या. ज्या जागी शंका आहे तिथून इंटरनेटला नाही, थेट राऊटरलाच पिंग करा. राऊटरचा पत्ता बहुधा असा असतो:

```
ping 192.168.1.1
```

मग राऊटरच्या अगदी जवळ येऊन तेच करा. जवळ २-५ मिलिसेकंद आणि शंकेच्या जागी मधेच १००, मधेच २००, एखादं पाकीट हरवलेलं, आणि तरीही सिग्नल −६० च्या वर, असं दिसलं की ताकद कमी नाही, दुसरं काही तरी आहे. जोडीला राऊटरच्या पानावर फोनकडं येणारा वेग बघा.

---

नेटवाला_जुळेसोलापूर

काका, दादांचं काम झालं ते बरं झालं, पण मला हे सगळीकडं लागू पडेल असं वाटत नाही. नवी पेठेत एका दुकानात माझ्या ओळखीच्याच्या मॅकवर बघितलं होतं. सिग्नल −५२, नॉईज −९१. म्हणजे एसएनआर ३९, खरा मोजलेला. तरी संध्याकाळी नेट सरकत नव्हतं. तिथं चॅनल १ वर वीसेक नेटवर्कं होती. मग ती नॉईजमध्ये का नाही दिसली?

---

रेडिओकाका_विजापूररोड

कारण दुसऱ्याचं वायफाय तुमच्या उपकरणाला ओळखू येतं. ते नॉईज म्हणून मोजलं जात नाही. कुणी बोलत असेल तर तुमचा राऊटर थांबतो, आपली पाळी आली की बोलतो. वीस जण एकाच चॅनलवर असले की पाळीच लवकर येत नाही. एसएनआर ३९ असताना तुमचं बोलणं स्वच्छ ऐकू जाईल हे खरं, पण बोलायला मिळेल का, ते त्या आकड्यात नाही. तुमच्या नवी पेठेच्या दुकानात दुखणं हेच असणार.

काही राऊटर आपलं चॅनल किती टक्के वेळ व्यापलेलं आहे ते हवेत सांगतात आणि थोडी ॲपं ते दाखवतात. मिळालं तर ते बघा. नाहीतर वेळ बदलून बघा. दुकानं बंद झाल्यावर आपोआप सुधारत असेल तर गर्दी.

एक मात्र, चॅनल ३ किंवा ४ वर कुणी बसलेलं असेल तर ते १ आणि ६ दोघांवरही अर्धवट चढतं. ते नीट ओळखू येत नाही आणि तिथं मात्र नॉईजसारखाच त्रास होतो.

---

नेटवाला_जुळेसोलापूर

हे पटलं. पण मला ग्राहकाकडं एवढा वेळ नसतो. −६७ बघायचं, राऊटरच्या पानावरचा येणारा वेग बघायचा आणि पिंग, एवढं आता करीन. आणि ५ गिगाहर्ट्झला नॉईज कमी असतो हे तरी बरोबर ना?

---

रेडिओकाका_विजापूररोड

तिथं असे जुने कॅमेरे आणि मायक्रोवेव्ह ओव्हन नसतात, म्हणून बहुधा शांत असतं. पण ८० मेगाहर्ट्झचं चॅनल घेतलं की २० च्या चौपट रुंदीतून नॉईज आत येतो, म्हणजे ६ डीबी जास्त. दादांच्या टेबलावर ५ गिगाहर्ट्झ −७९ होतं. तिथं नॉईज −८९ जरी धरला तरी एसएनआर १०. म्हणून ते सुटत होतं. रुंदी २० वर आणली असती तर कदाचित टिकलं असतं, वेग मात्र कमीच मिळाला असता.

---

शलाका_साखरपेठ

दादा, चॅनल ११ वर आल्यावर माग चालू आणि बंद असताना फरक पडतो का? माझं मन अजून मोटरींवरून हटत नाही.

---

टॉवेल_अक्कलकोटरोड

ताई, मोजलं. कॅमेरा काढून ठेवला तेव्हा माग चालू असताना −८८, सगळे बंद असताना −९१. दोन-तीन वेळा तसंच आलं.

---

रेडिओकाका_विजापूररोड

तीन डीबी म्हणजे दुप्पट, पण या आकड्याचं स्वतःचं हलणंही तेवढंच असतं. चिपचा तो आपला अंदाज असतो, मोजमापाचं यंत्र नव्हे. शिवाय माग चालू असताना शेडमध्ये माणसं असतात, त्यांच्या खिशात फोन, ब्लूटूथ, ट्यूबलाइटच्या जागी आलेले एलईडी दिवे, सगळंच सुरू होतं. त्यातलं नेमकं काय हे एवढ्यावरून मला सांगता येणार नाही. दादा, जमलं तर दिवे आणि माणसं तशीच ठेवून फक्त मागांचा मेन स्विच काढा आणि बघा.

---

टॉवेल_अक्कलकोटरोड

शिफ्ट बदलताना करता येईल. मुकादमाला सांगून ठेवतो. आकडे आले की इथंच टाकतो.